बासष्ट मिनिटांची नोट

सुमेधा खिल्लारे जालन्याच्या एका दूध कंपनीत सॉफ्टवेअरचं काम पाहायची. जिल्ह्यातल्या चौसष्ट गावांत कंपनीची संकलन केंद्रं होती. शेतकरी कॅन घेऊन यायचे, यंत्र दुधाची फॅट आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, दाखवायचं, केंद्रचालक टॅबलेटवर नोंद करायचे आणि ती नोंद इंटरनेटवरून औद्योगिक वसाहतीतल्या मुख्य कार्यालयात यायची. नोंद झाली की छोटी पावती निघायची. पावती निघाली की दूध घेतलं, असा हिशोब. हे सगळं चालवायला सुमेधाच्या हाताखाली दोघं होती, त्यातला रामप्रसाद जुना आणि भरवशाचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कंपनीच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाला प्रत्येक नोंदीत दुधाचं तापमान हवं होतं. रामप्रसादने त्यासाठी बदल करून ठेवला होता, तपासलाही होता. असे बदल ते नेहमी दुपारी दोनला सर्व्हरवर चढवायचे, कारण त्या वेळी कुठलंच केंद्र उघडं नसतं. हा बदल शुक्रवारी दुपारी चढणार होता. पण गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता जनरल मॅनेजर अण्णासाहेब सुमेधाच्या टेबलाशी आले. गिऱ्हाईकाची माणसं उद्या सकाळीच येताहेत, त्यांना तापमानाचा रकाना दिसला पाहिजे, आजच करा, म्हणाले. साडेपाचला संध्याकाळचं संकलन सुरू होतं, हे सुमेधाला माहीत होतं. तिने तसं म्हटलंही, पण एकदाच, आणि हळू. अण्णासाहेब म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे ना? ते होतंच पाच मिनिटांचं. ती हो म्हणाली.

पाच पस्तीसला रामप्रसादने बदल चढवला. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि चहा सांगितला.

पाच एकोणपन्नासला पहिला फोन आला, परतूर तालुक्यातल्या वाटूरहून. तिथलं केंद्र दैवशाला खरात चालवायच्या. नोंद दाबली की लाल पट्टी येते, पावती निघत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुमेधाने त्यांना टॅबलेट बंद करून चालू करायला लावला. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, मग तिसरा. सहा वाजेपर्यंत कार्यालयातले सगळे फोन एकच गोष्ट सांगत होते.

रामप्रसादने सहा वाजून सहा मिनिटांनी बदल मागे घेतला, म्हणजे सर्व्हरवर कालचंच जुनं सॉफ्टवेअर परत बसवलं. नेहमी एवढ्यावर भागतं. या वेळी भागलं नाही. लाल पट्टी तशीच. दोघांना वाटलं, मागे घेणंच नीट झालेलं नाही. त्यांनी ते पुन्हा केलं. सर्व्हर बंद करून चालू केला. नेटवर्क पुरवणाऱ्याला फोन लावला. यात चोवीस मिनिटं गेली. सर्व्हर प्रत्येक चुकीची एक यादी ठेवतो. त्या यादीत पहिल्या मिनिटापासून स्वच्छ लिहिलेलं होतं की तापमानाचा रकाना रिकामा आहे म्हणून नोंद नाकारली. सहा तीसला सुमेधाने ती यादी उघडली.

सॉफ्टवेअर मागे गेलं होतं, पण नोंदी जिथे साठतात तिथे रामप्रसादने तापमानाचा रकाना सक्तीचा केला होता, आणि ती सक्ती मागे गेली नव्हती. गावोगावच्या टॅबलेटवर अजून जुनंच ॲप होतं. ते तापमान पाठवतच नव्हतं, कारण नवं ॲप पुढच्या आठवड्यात जायचं होतं. रामप्रसादने तपासणी केली ती नव्या ॲपवर. तपासणीचा कागद सुमेधानेच पाहून मंजूर केला होता. जुन्या ॲपवर काय होईल, हे तिने विचारलं नव्हतं.

सक्ती काढायला एक ओळ लागली. रकाना राहिला, फक्त तो रिकामा चालू लागला. सहा सदतीसला नोंदी परत सुरू झाल्या. बासष्ट मिनिटं.

पण दूध बासष्ट मिनिटं थांबत नाही. बहुतेक केंद्रचालकांनी सांगून टाकलं होतं की आज मशीन घेत नाही. बाया-माणसं कॅन घेऊन घरी गेली, आणि गेलेलं माणूस सात वाजता परत येत नाही. बाहेर एकेचाळीस अंशांचा दिवस मावळत होता. टँकर रोजच्यापेक्षा सदतीसशे लिटर कमी घेऊन आले. कुणी त्या दुधाचं दही लावलं, कुणी शेजारी वाटलं, बऱ्याच ठिकाणी ते नासलं.

शुक्रवारी गिऱ्हाईकाची माणसं आली, रकाना पाहून गेली. ती गेल्यावर अण्णासाहेबांनी सुमेधाला बोलावलं. शनिवारी संचालकांची बैठक होती. तिथे काय झालं ते सांगणारी नोट हवी, दोन पानांची, मराठीत. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला पोस्टमॉर्टेम म्हणतात, असं सुमेधा म्हणाली, तेव्हा अण्णासाहेबांनी तो शब्द नोटमध्ये घालू नका म्हणून सांगितलं. काकासाहेबांना वाटेल कुणी मेलंय. काकासाहेब म्हणजे कंपनीचे अध्यक्ष, सत्तरीचे गृहस्थ, स्वतः बारा म्हशी राखणारे.

सुमेधा लिहायला बसली. अशी नोट कशी लिहायची, हे ती पुण्यातल्या पहिल्या नोकरीत शिकली होती. कुणी केलं हे विचारायचं नाही, कशामुळे होऊ शकलं हे विचारायचं. माणसाचं नाव घालायचं नाही, कारण नाव आलं की वाचणारा तिथेच थांबतो आणि मूळ भोक तसंच राहतं. तिचा यावर मनापासून विश्वास होता. रामप्रसाद सकाळी येऊन म्हणाला होता की मॅडम, माझं नाव टाका, मीच केलंय. तिने त्याला ठाम नकार दिला. पहिला परिच्छेद तिने तीनदा लिहिला. शेवटी तो असा झाला:

"आपल्या नोंदवहीत तापमानाचा एक नवा रकाना वाढवण्यात आला, आणि तो भरल्याशिवाय नोंद घ्यायची नाही असे वहीला सांगण्यात आले. परंतु गावोगावच्या केंद्रांकडे अजून जुना छापील फॉर्म होता, ज्यात हा रकानाच नव्हता. त्यामुळे केंद्रांनी पाठवलेली प्रत्येक नोंद अपुरी ठरून परत गेली. काम मागे घेताना फॉर्म तपासणारा माणूस बदलला, पण वहीचा नियम तसाच राहिला. म्हणून मागे घेऊनही अडचण सुटली नाही."

हे अण्णासाहेबांच्या टायपिस्ट शालूने वाचलं आणि तिला समजलं. सुमेधाला बरं वाटलं.

पुढे तिने एक गोष्ट लिहिली जी तिला स्वतःलाही त्याच दिवशी नीट कळली होती. इंटरनेट गेलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं. नेट नसलं की टॅबलेट नोंद स्वतःकडे जपून ठेवतो, पावती देतो, आणि नेट आलं की पाठवतो. पण या वेळी नेट चालू होतं आणि सर्व्हर स्पष्टपणे नाही म्हणत होता. म्हणून टॅबलेटने ती नोंद चुकीची समजून टाकून दिली. एखाद्या केंद्रचालकाने नुसता डेटा बंद केला असता, तरी दूध घेता आलं असतं. हे त्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. तिलाही नाही.

मग तिने सगळ्या केंद्रांच्या नोंदी वेळेप्रमाणे मांडल्या. त्रेसष्ट केंद्रांवर त्या तासात खड्डा होता आणि नंतर तुरळक नोंदी. वाटूरला मात्र सहा एकेचाळीसपासून वीस मिनिटांत त्र्याऐंशी नोंदी पडल्या होत्या. वीस मिनिटांत त्र्याऐंशी लोकांचं दूध मोजून होत नाही. सुमेधाने वाटूरला फोन लावला.

दैवशालाबाई आधी टाळत होत्या. मग त्यांनी सांगितलं. मशीन फॅट आणि डिग्री दाखवत होतं, फक्त टॅबलेट घेत नव्हता. लोक दारात उभे होते. त्यांनी धाकट्या मुलीची एक कोरी वही घेतली, नाव, लिटर, फॅट, डिग्री असे रकाने आखले, प्रत्येकाचा अंगठा किंवा सही घेतली आणि दूध थंड ठेवायच्या कूलरच्या टाकीत ओतलं. नोंदी सुरू झाल्यावर वहीतून बघून भरल्या.

"हे कुठं लिहू नका, म्याडम," त्या म्हणाल्या. "वही बंद हाय. मी सही केल्ती त्या कागदावर."

सुमेधाला तो कागद आठवला. दीड वर्षापूर्वी दोन केंद्रांवर वहीतले आकडे खोडून बदलल्याचं उघडकीला आलं होतं. तेव्हा अण्णासाहेबांनी परिपत्रक काढलं. हाताने लिहिलेली एकही नोंद चालणार नाही, जो लिहील त्याचं केंद्र जाईल. सॉफ्टवेअर बंद पडलं तर काय करायचं, हे त्या परिपत्रकात नव्हतं. मसुदा सुमेधाकडेही आला होता. तिने त्यावर टिक केली होती.

"तुम्ही चांगलंच केलंत," ती म्हणाली. "काळजी करू नका. तुमचं नाव येणार नाही."

आणि नाव आलं नाही. "काय चांगले झाले" या मथळ्याखाली तिने एक वाक्य लिहिलं: "वाटूर केंद्राने या काळात वहीत नोंद करून सर्व ८३ उत्पादकांचे दूध स्वीकारले व नंतर त्या नोंदी प्रणालीत भरल्या." हे लिहिणं तिला भागच वाटलं. पुढे कुणी आकडे काढले असते तर वीस मिनिटांतल्या त्र्याऐंशी नोंदी संशयास्पद दिसल्या असत्या. शिवाय तिला मनातून वाटत होतं की ही गोष्ट संचालकांना कळावी.

बदल संध्याकाळी का चढवला, हे लिहिताना ती थांबली. "जनरल मॅनेजरांच्या सूचनेवरून" असं तिने लिहिलं, वाचलं आणि खोडलं. तिथे "नियोजित वेळेआधी" असं घातलं. परिपत्रकाचा विषय तिने काढलाच नाही. नावं घालायची नाहीत हे तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वामागे लपणं त्या दुपारी फार सोपं गेलं.

शनिवारी बैठकीला सहा जण होते. सुमेधाने नोट वाचून दाखवली. सगळे मन लावून ऐकत होते, नवा रकाना आणि जुना फॉर्म इथे माना हलल्या. डेटा बंद करण्याच्या गोष्टीला एक संचालक हसले. वाचून झालं. मग काकासाहेबांनी चष्मा वर सरकवून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"हे वाटूरचं काय हाय? वहीत लिहिलं म्हणजे? वही तर बंद केल्ती आपण."

सुमेधाने सांगितलं की बंद असतानाही त्यांनी लिहिलं, आणि म्हणूनच तिथलं दूध वाचलं. काकासाहेबांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेब म्हणाले की परिपत्रक आहे, सही आहे. एकाला सोडलं तर उद्या चौसष्ट वह्या निघतील, आणि मागच्यासारखं खोडाखोडीचं प्रकरण परत सुरू होईल. दुसऱ्या एका संचालकांना ते पटलं. त्यांच्या तालुक्यातच ते प्रकरण झालं होतं.

सुमेधा म्हणाली की त्यांनी खोडाखोड केलेली नाही, आपण आकडे ताडून पाहू शकतो. हे ती एकदा म्हणाली. मग विषय दुसरीकडे वळला. बदल नेमका कुणी चढवला, असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, जबाबदारी माझी आहे, पुढे असं होऊ नये म्हणून जुन्या ॲपवरही तपासणी होईल आणि दुपारच्या दोनशिवाय काही चढणार नाही. त्यांना ते पुरलं. रामप्रसादची नोकरी वाचली, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तिचा श्वास मोकळा झाला. त्या मोकळ्या श्वासात वाटूर तिच्या डोक्यातून निसटलं. फार तर समज देतील, असं तिने धरून चाललं.

पुढच्या गुरुवारी रामप्रसाद तिच्याकडे आला. वाटूर केंद्राच्या नावात बदल करायचा आहे, प्रशासनाकडून कागद आलाय, म्हणाला. केंद्रचालक म्हणून दैवशाला खरात यांचं नाव काढून राधेश्याम बोराडे हे नाव टाकायचं होतं. सोबत पत्राची प्रत होती. कारणाच्या जागी लिहिलं होतं: "तांत्रिक विभागाच्या दि. १२ च्या अहवालानुसार हस्तलिखित नोंदी केल्याचे निष्पन्न."

सुमेधाने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तिच्या दोन पानांतून त्या सहा माणसांनी काय उचललं, ते तिच्यासमोर होतं. रकाना, फॉर्म, सक्ती हे त्यांना समजावून सांगितल्यावर समजलं होतं. वही न सांगता समजली. त्यावर काय करायचं, तेही त्यांना माहीत होतं.

ती अण्णासाहेबांकडे गेली. ते चिडले नाहीत. तुमची नोट चांगली होती, म्हणाले, सगळ्यांना कळली. पत्र निघालंय, राधेश्यामने टॅबलेट ताब्यात घेतलाय.

रविवारी ती परतूरच्या बसने निघाली आणि वाटूर फाट्यावर उतरली. दैवशालाबाईंचं घर केंद्राच्या मागेच होतं. केंद्राचं शटर बंद होतं, वर जुनी पाटी तशीच. दैवशालाबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराची बाई. त्यांनी सुमेधाला ओळखलं नाही, कारण दोघींची भेट कधी झालीच नव्हती. नुसते फोन होते. नाव सांगितल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली आणि ओसरीत सतरंजी टाकली. पाणी दिलं. रागाचं काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे सुमेधाला आणखी अवघड झालं.

सहा वर्षं केंद्र होतं, त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान टेम्पोवर, महिन्यातून पंधरा दिवस बाहेर. पहाटे पाचला उठायचं, साडेपाचला शटर उघडायचं. एक दिवस चुकला नाही. थोरल्या मुलीच्या लग्नादिवशी सकाळीसुद्धा शटर उघडलं होतं. आता पहाटे जाग येते आणि करायला काही नसतं.

सुमेधा म्हणाली, "मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं."

"न्हाई, नाव न्हवतं." त्यांनी आत जाऊन पत्र आणलं, आणि त्यासोबत नोटची छायाप्रतही. प्रशासनाने ती पत्राला जोडलेली होती. दैवशालाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी नोट पूर्ण वाचली होती. "मला समदं कळलं, म्याडम. चांगलं लिहिलंय. रकाना वाढला, फारम जुना राहिला. मी दोनदा वाचलं." मग त्यांनी पान उलटलं. "पण यात कुणाचंच नाव न्हाई. रकाना कोणी वाढवला, न्हाई. सांजच्याला कोणी कराय लावलं, न्हाई. वही बंद कोणी केली, त्ये बी न्हाई. आख्ख्या कागदात एक वाटूर तेवढं हाय."

सुमेधाने कागदाकडे पाहिलं. ते खरं होतं. दोन पानांत एकच नाव होतं, आणि ते गावाचं असलं तरी त्या गावात केंद्र एकच होतं.

तिने मग सगळं सांगितलं. अण्णासाहेब पाच वाजता टेबलाशी आले होते, ती हो म्हणाली होती, ते वाक्य तिने लिहून खोडलं होतं. परिपत्रकाच्या मसुद्यावर तिचीही टिक होती. तपासणीच्या कागदावर तिची सही होती. बैठकीत ती एकदाच बोलली होती. दैवशालाबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"मंग हे लिवाय पायजे होतं," त्या म्हणाल्या.

सुमेधा म्हणाली, आता लिहिते. पण या वेळी लिहून झाल्यावर आधी तुम्हाला वाचून दाखवते.

"दाखवा. पर त्यानं काय केंद्र परत येत न्हाई, हे मला बी माहीत हाय."

सोमवारी तिने दुसरी नोट लिहायला घेतली, पहिलीची दुरुस्ती म्हणून. ही लिहायला तिला दोन दिवस लागले. पहिल्यापेक्षा ती लहान होती. बदल संध्याकाळी करण्याची सूचना जनरल मॅनेजर अण्णासाहेब यांची होती आणि ती नाकारण्याचं काम तांत्रिक प्रमुख म्हणून सुमेधा खिल्लारे हिचं होतं, ते तिने केलं नाही. जुन्या ॲपवर तपासणी झाली नाही, हे तिने मंजुरी देताना विचारायला हवं होतं. हस्तलिखित नोंदींवर बंदी घालताना प्रणाली बंद पडल्यास काय करावं याची सोय ठेवली गेली नाही, आणि त्या मसुद्याला तिचीही संमती होती. त्रेसष्ट केंद्रांनी नियम पाळला आणि दूध गेलं. एका केंद्राने नियम मोडला आणि दूध वाचलं. वहीतल्या त्र्याऐंशी नोंदी तिने यंत्राच्या साठ्यातल्या आकड्यांशी एकेक करून ताडल्या आहेत, एकही वेगळी नाही.

रामप्रसादचं नाव तिने याही वेळी घातलं नाही. त्याने हट्ट धरला, तेव्हा ती म्हणाली की तुझ्या कामावर माझी सही होती, आणि तेवढं पुरे.

फोनवर तिने ती नोट दैवशालाबाईंना सावकाश वाचून दाखवली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या की बराबर आहे, फक्त एका जागी बदला. त्र्याऐंशी लोकांनी सह्या केल्या होत्या, अंगठे दिले होते, ते लिहिलेलं नाही. त्यांना विचारा म्हणावं. सुमेधाने ते वाक्य घातलं.

नोट तिने अण्णासाहेबांना आणि त्याच वेळी सगळ्या संचालकांना पाठवली. अण्णासाहेबांनी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले, समोरची खुर्ची ओढून बसले. थकलेले दिसत होते. आधी मला दाखवली असती तर बरं झालं असतं, एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, आधी दाखवली असती तर मी परत खोडलं असतं.

मे महिन्यात परिपत्रक बदललं. प्रणाली दहा मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिली तर केंद्रचालकाने क्रमांक टाकलेल्या छापील तक्त्यावर नोंद करावी, उत्पादकाची सही घ्यावी आणि तक्त्याचा फोटो कार्यालयात पाठवावा. चौसष्ट केंद्रांना तक्ते गेले. कार्यालयातही एक सोय झाली. नोंदी नाकारल्या जायला लागल्या की दोन मिनिटांत सुमेधाच्या आणि रामप्रसादच्या फोनवर इशारा वाजतो. त्यानंतर दोनदा छोटी गडबड झाली, पण दूध कुठलंच परत गेलं नाही. कंपनीच्या दृष्टीने प्रकरण चांगल्या प्रकारे मिटलं.

वाटूरचं केंद्र मात्र राधेश्यामकडेच राहिलं. काकासाहेबांना वाईट वाटलं होतं, हे त्यांनी सुमेधाला बोलावून सांगितलं. पण त्या पोराने तीच जागा भाड्याने घेतली, दुसरा कूलर आणला, त्याची काय चूक, त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दैवशालाबाईंना दुसऱ्या गावचं केंद्र देऊ केलं. ते अकरा किलोमीटरवर होतं. घरी तीन म्हशी, पहाटे साडेपाचला तिथे पोचायचं कसं? त्यांनी नाही म्हणून कळवलं. त्यांच्या नावे एक प्रशंसापत्रही निघालं. ते पोस्टाने गेलं. मिळालं की नाही, हे कळलं नाही.

सुमेधाने त्यानंतर बऱ्याच नोटा लिहिल्या. आता लिहून झाल्यावर ती एक काम जास्तीचं करते. ज्या गावाचा, ज्या माणसाचा उल्लेख आला असेल, त्याला आधी फोन करून वाचून दाखवते. त्याने नको म्हटलं तर ते वाक्य काढते, आणि ते काढल्याने नोट खोटी पडत असेल तर त्याच्यासोबत बाकीच्यांचंही लिहिते, स्वतःपासून सुरुवात करून. यात वेळ जातो. अण्णासाहेब अधूनमधून कुरकुरतात.

दैवशालाबाई आता राधेश्यामच्या केंद्रावर दूध घालतात. सुमेधाच्या स्क्रीनवर वाटूरच्या यादीत त्यांची नोंद येते, उत्पादक क्रमांक एकशे सतरा, म्हैस, सकाळी साधारण सहा दहाला. स्वतःच्याच जुन्या शटरसमोर, इतरांच्या मागे उभं राहून, आपल्या पाळीची वाट पाहून झालेली ती नोंद. पहिल्या महिन्यात सुमेधाने दोनदा फोन हातात घेतला होता. विचारायचं काय, हे तिला सुचलं नाही, आणि तिने लावला नाही.